न आलेल्या तीन चिठ्ठ्या

फिटरकाका तक्रार घेऊन आले की मी आधी हातात पेन धरते. हाताला चाळा नसला की मला राग येतो, आणि काकांवर रागावून उपयोग नसतो. त्यांच्याशिवाय या इस्पितळातलं एकही यंत्र जागचं हलत नाही.

"बाई, छताजवळच्या त्या हवेच्या जाळ्या," काका म्हणाले. "आठवड्यातून दोनदा धुतोय मी. वर्ष झालं त्याला, दीड झालं. घरची भांडीसुद्धा मी एवढ्या निगुतीनं घासत नाही."

"चिठ्ठी येते ना काका? मग धुवायच्या."

"चिठ्ठी येते म्हणूनच धुतो. पण आज ते यंत्राचं पुस्तक उघडून बघितलं. त्यात पंधरा दिवसांतून एकदा लिहिलंय."

देखभाल खात्यात माझं काम एवढंच: कोणत्या यंत्राची कोणती तपासणी कधी, हे संगणकात भरायचं. मुदत आली की संगणक चिठ्ठी छापतो, काका ती घेऊन जातात, काम करून सही करतात. चिठ्ठी नाही तर काम नाही. पूर्वी प्रत्येक यंत्राला पुठ्ठ्याचं कार्ड असायचं आणि त्यावर आकडा असायचा, इतक्या दिवसांनी, इतक्या महिन्यांनी. संगणक आला तेव्हा आकड्यांच्या जागी यादीतून शब्द निवडायचे होते. दोन दिवसांत चारशे कार्डं मी एकटीनं चढवली आणि साहेबांनी पाठ थोपटली. गडबड म्हणजे, कार्ड फाटलेलं असलं की मी यंत्राच्या इंग्रजी पुस्तकात बघायची आणि 'बाय' दिसलं की दोन धरायची, दोनदा की दोनांतून एकदा हे न बघता.

जाळ्यांच्या पुस्तकात 'बायवीकली' होतं. पंधरवड्यातून एकदा, असा त्यांचा अर्थ, आणि तो शेवटच्या पानावर स्पष्ट दिलेला. मी मात्र आठवड्यातून दोनदा निवडलं होतं. "बिचाऱ्या जाळ्या," असं म्हणून मी हसले. काकाही हसले. दुरुस्त करून मी 'पाक्षिक' निवडलं.

मग हसू मावळलं. दीड वर्ष जास्तीचं काम झालं म्हणून काका तक्रार करायला आले. पण कमी काम झालं असतं तर कोण आलं असतं? न छापलेल्या चिठ्ठीची तक्रार कोणी करत नाही.

मी यादी उघडली आणि 'द्वैवार्षिक' एवढंच शोधलं, म्हणजे दर दोन वर्षांनी येणारी कामं. सहा निघाली. पाच बरोबर होती. सहावं काम होतं खालच्या मजल्यावरच्या मोठ्या वाफेच्या यंत्राच्या सेफ्टी व्हॉल्वचं. शस्त्रक्रियेची हत्यारं त्याच यंत्रात निर्जंतुक होतात. पुस्तक काढलं. 'बायअ‍ॅन्युअल', आणि पुढच्याच ओळीत: वर्षातून दोन वेळा. ती ओळ मी त्या दिवशी वाचलीच नव्हती. सहामाही तपासणीला मी द्वैवार्षिक करून ठेवलं होतं. शेवटची तपासणी एकोणीस महिन्यांपूर्वीची. तीन चिठ्ठ्या यायला हव्या होत्या, एकही आली नव्हती, आणि संगणकाच्या हिशेबानं अजून पाच महिने येणार नव्हती.

आणि वर तिसऱ्या मजल्यावर माझी थोरली बहीण दाखल झाली होती. उद्या सकाळी पित्ताशय काढायचं. दोनदा तारीख पुढे गेलेली. चार महिने ती भात आणि उकडलेल्या भाज्यांवर दिवस काढत होती, आणि कळ आली की उशी दातांत धरायची. उद्याची हत्यारं अजून त्या यंत्रात जायची होती. यंत्र बंद केलं तर शेजारच्या दुसऱ्या, लहान यंत्रावर फक्त तातडीच्या शस्त्रक्रिया निघतात. ताईची तातडीची नव्हती.

खोटं कशाला बोलू, मी संगणकावरची ती यादी बंद केली. उद्या संध्याकाळी उघडू म्हटलं. एकोणीस महिने काही झालं नाही, एका दिवसात काय होतंय. उठले, पाणी प्यायले, बसले, परत उठले. दारापर्यंत गेले आणि माघारी आले. साहेबांनी विचारलं, "काय हरवलंय का?" मी नाही म्हटलं. चौथ्यांदा उठले तेव्हा सरळ काकांना गाठलं.

काकांनी ऐकून घेतलं. एक शब्द लावून बोलले नाहीत, हे जास्त लागलं. खाली जाऊन त्यांनी यंत्र चालवणाऱ्या मावशींना कापडांचे गठ्ठे पोचवायला वर पाठवलं, यंत्रात दाब येऊ दिला, हातमोजे चढवले आणि व्हॉल्वची कडी ओढली. कडी उचलली की फस्स करून वाफ सुटायला हवी. कडी हललीच नाही. काकांनी जोर लावला. आत क्षार बसून सगळं घट्ट झालं होतं.

"आजवर दाब जास्त चढला नाही, म्हणून निभावलं," काका म्हणाले. "चढला असता तर वाफेला जायला वाट नव्हती."

त्यांनी वाफ बंद केली, दाब उतरवला आणि दारावर लाल पाटी लावली. नवीन व्हॉल्व यायला चार दिवस. मी साहेबांना सांगितलं, मग शस्त्रक्रिया विभागाच्या मुख्य सिस्टरना. त्यांनी उद्याच्या यादीवर रेघा मारल्या, ताईच्या नावावरही. साहेब म्हणाले, लेखी दे. मी तिथेच लिहून दिलं आणि तिसऱ्या मजल्यावर गेले.

ताई खाटेवर पाय सोडून बसली होती. सगळं ऐकल्यावर आधी भडकली. "सगळ्या जगाची यंत्रं नीट चालतात, तुझंच बरं आज बंद पडतं!"

"पडलं नाही, मी पाडलं. आणि बिघडलं तेही माझ्यामुळेच."

ती भिंतीकडे तोंड करून बसली. मला रडू येत होतं आणि रडण्याचा हक्क आपला नाही हेही कळत होतं. भिंतीकडे बघतच तिनं विचारलं, "त्या यंत्रापाशी कोण असतं?"

"मावशी असतात. आठ-आठ तास."

"त्या काय म्हणाल्या?"

साहेबांना सांगितलं होतं, सिस्टरना सांगितलं होतं, लेखी दिलं होतं. मावशींना कोणी काही सांगितलं नव्हतं.

"मग इथे काय करतेयस?" ताई म्हणाली. "माझी कळ मी सोसेन. जा आधी."

मावशी खाली थंड यंत्रासमोर कापडाच्या घड्या घालत होत्या. लाल पाटी बघून खुशीत होत्या. "चार दिवस आराम म्हणे," त्या म्हणाल्या. "दुरुस्ती काय निघाली गं?"

मी सांगितलं. व्हॉल्व म्हणजे काय, कडी का हलली नाही, चिठ्ठी का आली नाही, सगळं. मावशींचे हात थांबले. त्यांनी यंत्राच्या दाराकडे पाहिलं, मग त्याच्यापासून दोन हातांवर असलेल्या आपल्या स्टुलाकडे.

"म्हणजे इतके दिवस मी इथं देवाच्या भरवशावर बसले होते?"

"नाही मावशी," मी म्हटलं. "माझ्या."