खुश पालकांना पाठवलेला मेसेज

माझी छोटी नीरा दुपारी झोपली की जेमतेम पाऊण तास माझा असतो. शाळांचे वार्षिक निकाल लागून चार दिवस झाले होते, आणि त्या दिवशीचा पाऊण तास मी मेसेज लिहिण्यात घालवला.

"नमस्कार पालक, निकालाबद्दल अभिनंदन! आपण क्लासवर समाधानी असाल तर दोन ओळी आणि मुलाचा किंवा मुलीचा एक फोटो पाठवाल का? आपली परवानगी असेल तरच पत्रकावर आणि गूगलच्या पानावर टाकू. खालच्या लिंकवर स्वतःही लिहू शकता."

माझी नणंद स्नेहल शेजारी बसून वाचत होती. माझ्या घरच्या क्लासचं गूगलवरचं पान तिनंच काढून दिलं होतं.

"वहिनी, लोकांना लिहायचा कंटाळा असतो. नमुना द्या खाली. गाळलेल्या जागा भरा, काम झालं."

"आणि पाठवू कुणाकुणाला?"

"खुश असतील त्यांना. पंच्याऐंशीच्या वरच्यांना."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मार्क चांगले म्हणजे पालक खुश, हे आमच्या गावात कुणाला शिकवावं लागत नाही. इचलकरंजीत निकालानंतरचा आठवडा म्हणजे चौकाचौकात फ्लेक्स, आणि फ्लेक्सवर ब्याण्णव, चौऱ्याण्णव, सत्त्याण्णव. कोपऱ्यावर नवी अकॅडमी झाली होती, तिचा फ्लेक्स तर आमच्या गच्चीपेक्षा मोठा. तिथले पाटोळे सर घरी येऊन चहा पिऊन गेले होते.

"मॅडम, बाळ लहान आहे तुमचं. कशाला ताप घेता? आमच्याकडे शिकवायला या. येताना तुमची पोरं आणा."

घरातही सगळ्यांना ते पटत होतं. मी एवढंच म्हटलं होतं, जून उजाडेपर्यंत सातवीला दहा मुलं जमली तर क्लास माझा, नाहीतर मी अकॅडमीत जाते. हातात होती चार. बाकीची कुठून यायची ते या मेसेजवर होतं.

संध्याकाळपर्यंत उत्तरं आली.

"माझा मुलगा/मुलगी आर्यन याला/हिला या क्लासमुळे खूप फायदा झाला."

"माझा मुलगा/मुलगी स्वरा याला/हिला या क्लासमुळे खूप फायदा झाला."

एका वडिलांनी तर नावाची गाळलेली जागा तशीच ठेवून पाठवलं होतं. स्नेहल हसून हसून गादीवर लोळली. फोटोही तसलेच. निळ्या पडद्यापुढचे पासपोर्ट साईझ, छातीशी गुणपत्रिका धरलेले, आणि एक स्नेहसंमेलनातला, मिशा लावलेला. गूगलवर सात जणांनी तेच वाक्य चिकटवलं, त्यातली तीनच पानावर दिसली. बाकीची कुठं गेली कोण जाणे.

"एकसारखी असली की ते खोटी समजत असतील," स्नेहल म्हणाली. नमुना तिचाच होता, म्हणून फार बोलली नाही.

खोटी नव्हती ती. पण त्यात मलाच आपला क्लास ओळखू येईना.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे शिकणाऱ्या कादंबरीची आई, वैजयंता बुगड, आल्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं पार्लर आहे. चप्पल दारातच सोडली, पण आत येईनात.

"बाई, एक विचारू? सगळ्यास्नी मेसेज आलाय. माझ्या खुर्चीत बसलेल्या बायका दाखवायला लागल्यात. मला का न्हाई आला?"

"नंबर बदलला का तुमचा?"

"नंबर त्योच हाय." त्या उंबऱ्यापर्यंत आल्या. "बावन्न टक्केवाल्यास्नी विचारायचं न्हाई, असं हाय व्हय?"

नीरा कडेवर होती, तिनं त्यांच्या मंगळसूत्राकडे हात केला.

"तसं नाही ओ. मेसेजमध्ये समाधानी असाल तर, असं होतं, म्हणून…"

"मग? आमी खुश न्हाई, असं तुमाला कुणी सांगितलं?" आवाज चढला आणि लगेच उतरला. "आमच्या घरात कादंबरीच्या पप्पांनी पेढं वाटल्यात, बाई. बावन्न टक्क्याचं पेढं! सासू म्हणाली, लाज आणली. मी म्हटलं, आत्या, पेढा खावा आन गप बसा."

मग त्यांनी मोबाईल पुढे केला. कादंबरी शाळेच्या गणवेशात जमिनीवर बसलेली, एक वेणी सुटलेली, गाल फुगलेले, हातात पोह्यांची ताटली.

"ह्यो परीक्षेच्या दिवशीचा हाय. गणिताच्या."

मला कळलं. गेल्या वर्षी ही पोरगी सहावीला माझ्याकडे आली तेव्हा परीक्षा शब्द काढला की तिचं पोट दुखायचं. सहामाहीला तर शाळेच्या फाटकातून उलट्या करत परत आली होती. मी काही मोठं केलं नाही. तिला पाळण्याजवळ बसवायची. एका हातानं दोरी ओढत ती उदाहरणं सोडवायची, आणि नीरा झोपली की मी म्हणायची, "कादंबरी, आत्ता तू सोडवलंस ना, तोच पेपर होता." आधी रुसली, मग हसली. पुढं स्वतःच विचारायला लागली, "बाई, आज पेपर हाय का?"

वैजयंताताईंनी तिथंच उंबऱ्यावर बसून लिहिलं. लिहिताना ओठ हलत होते.

"कादंबरीला बावन्न टक्के पडले. आधी परीक्षा म्हटली की ही जेवायची नाही, उलट्या व्हायच्या. यंदा पेपरला जाताना पोहे खाल्ले आणि अजून मागितले. आम्ही लई खुश आहे."

स्नेहलनं वाचलं. "मस्त आहे. पण बावन्न टक्के पत्रकावर? वहिनी, पाटोळे सर फ्रेम करून लावतील."

"लावू देत."

"नुसतं पानावर टाकू. पत्रकावर स्वराचे चौऱ्याण्णव."

"पत्रकावर हेच," मी म्हटलं. "सगळ्यात वर." सहा मुलं कमी होती आणि मी बावन्न टक्के छापायला निघाले होते.

कादंबरीला मात्र आधी विचारलं. फोटो तिचा होता. तिनं स्क्रीनवर फोटो मोठा करून बघितला.

"वेणी सुटलीय त्यात."

"मग नको टाकायला?"

"टाका. पर नाव पुरं टाका, आडनावासकट."

त्याच दुपारी सगळ्या पालकांना मेसेज गेला. नमुना काढून टाकला आणि टक्क्यांची अट माझ्या डोक्यातूनही काढली. यावेळी उत्तरं उशिरा आली, पण वेगवेगळी आली. एकीनं लिहिलं, पोरगा आता बहिणीला पाढे शिकवतो. एका आजोबांनी लिहिलं, नातू खोटं कमी बोलतो, श्रेय कुणाचं माहीत नाही.

वैजयंताताईंनी स्वतःचं लिहिलेलं फोटोसकट स्टेटसला ठेवलं. शिवाय पार्लरमध्ये आरशाच्या कोपऱ्यात पत्रक अडकवलं. भुवया करायला आलेल्या बाईला डोळे मिटून पडावं लागतं, पण कान उघडेच असतात.

पहिली आई आली ती दारातच कुजबुजली, "आमच्या ओमकारला पेपरच्या आधी ताप भरतो. घेता का ओ त्याला?" दुसरीची मुलगी वर्गात बोलतच नव्हती. कुणी मार्क विचारले नाहीत. मीही नाही. मेच्या शेवटी सातवीला अकरा मुलं झाली.

पाटोळे सरांना मीच फोन करून अकॅडमीत येत नाही म्हणून सांगितलं.

"बघा मॅडम, पोहे खाणारी पोरं घेऊन बसलाय," ते हसत म्हणाले. "टॉपर कुठनं आणणार?"

"जेवत्या पोरांतनंच येतील, सर," मी म्हटलं. "आले नाहीत तरी जेवतील."

जूनमध्ये बॅच सुरू झाली. ओमकार आईच्या ओढणीमागे लपून उभा राहिला. त्याची आई म्हणाली, "पत्रकातली ती मुलगी कोणती? तिच्याजवळ बसवा याला."

कादंबरीनं दप्तर उचलून मांडीवर घेतलं, सतरंजीवर जागा केली आणि मोठ्या माणसासारखी म्हणाली, "ये. पयल्यांदा जरा भ्या वाटतं."