बोटभर वर्ताळा

अंजनाचा पाय घरात ठरत नव्हता. चुलीपाशी बसली की विहिरीवर जावंसं वाटे, विहिरीवर गेली की वांग्यांच्या वाफ्यात, आणि वाफ्यात उभी राहिली की शिरपूरच्या रस्त्याकडे नजर जाई. ज्याच्या जिवाला अशी घालमेल असते, त्यानं आसन विणायला बसू नये. पण ती बसली होती, कारण तिच्या साऱ्या पुढच्या आयुष्याचा फैसला त्या आसनावर होणार होता.

नवरा तापानं गेल्यापासून ती मालेगावला बापाच्या बागायतीत राहत होती. मंगरूळपीरच्या रामरावाकडून पाटाचा, म्हणजे दुसऱ्या लग्नाचा, निरोप आला होता. माणूस वाईट नव्हता, बायको गेलेली, पोरं लहान. अंजनाचं त्याच्याशी वाकडं नव्हतं. तिला फक्त एकदा तरी आपलं आपण काही ठरवायचं होतं. धर्मशाळेत बायकांना विणकाम शिकवणाऱ्या प्रयागबाई म्हणाल्या होत्या, शिरपूरच्या मुलींच्या शाळेला विणकामाची बाई हवी आहे, घरून हो असेल तर अंजनाचं नाव मी पक्कं करते. घरून हो म्हणजे चंपतचं हो. आणि तिचा बाप चंपत म्हणजे शब्दाला पक्का आणि हट्टाला त्याहून पक्का. त्यानं अट घातली: रामराव यायच्या आत एक आसन विणून दाखव. उभं दुमडलं की काठाला काठ भिडला पाहिजे. भिडला तर शिरपूर, नाही तर मंगरूळपीर.

अंजनाला वाटलं, एवढंच ना? गल्लीतली एकही बाज तिनं विणल्याशिवाय राहिली नव्हती. तिनं ताणलेल्या बाजेवर रुपया टाकला तर उडतो, असं लोक म्हणत. तिथंच घात झाला.

आसनाची चौकट लहानशी, वरच्या आणि खालच्या पट्टीवर सारख्या अंतरावर खिळे. दोरा पहिल्या खिळ्याला बांधायचा, खाली न्यायचा, वळसा घालून वर आणायचा, आणि असं करत शेवटच्या खिळ्यापर्यंत जायचं. हा झाला ताणा. अंजनानं प्रत्येक दोरा बाजेच्या सुतळीसारखा जीव खाऊन ओढला. शेवटाला येईतो दोन्ही पट्ट्या आतल्या बाजूला वाकल्या आणि सुरुवातीचे दोरे ढिले पडून लोंबायला लागले. पाहायला आलेल्या प्रयागबाईंनी वरून तळवा फिरवला आणि गाठ सोडली. सगळे दोरे हाताखाली सारखे लागले पाहिजेत, एवढंच त्यांनी सांगितलं. काठाला दोन्हीकडे जोडदोरा घ्यायला लावला, कारण आसन आधी काठावर झिजतं.

दुसऱ्यांदा ताणा सारखा बसला. मग आडवा बाणा सुरू झाला. दोऱ्यांमधून सरकवलेली चपटी फळी उभी करून एकाआड एक दोरे उचलायचे, काडीवर गुंडाळलेला दोरा मधून काढायचा, फणीनं खाली ठोकायचा. मग राहिलेले दोरे उचलून परत फिरायचं. इथंही तिचा हात बाजेचाच. प्रत्येक फेरीला शेवटी एक हिसका. वीतभर विणून झालं तेव्हा तिच्या मायनं, कस्तुराबाईनं, मान वाकडी करून पाहिलं आणि विचारलं, हे आसन आहे की डमरू. खाली रुंद, मध्ये कंबर बारीक. अंजना चिडून उठली, अंगणात दोन चकरा मारून आली, आणि सगळं उसवलं.

ओढू नको म्हणतात तर नाही ओढत, असं म्हणून तिनं दोरा सैल सोडला. मग काठावर सगळीकडे कानातल्या रिंगांसारखे फास लोंबायला लागले. रामराव यायचा दिवस जवळ येत होता आणि अंजनाला झोपेतही फणीचे ठोके ऐकू येत होते.

बाजाराच्या दिवशी ती बापाबरोबर वांगी घेऊन बसली, पण जीव चौकटीत. मालेगावच्या बाजारात चंपतचा वर्ताळा प्रसिद्ध होता. वजन बरोबर झालं तरी वरून मूठभर माल टाकल्याशिवाय तो तागडी उचलत नसे. त्या दिवशी त्यानं वांगी तोलायचं काम अंजनाकडे दिलं. तिनं वरची दोन वांगी घाईनं तागडीच्या काठावर ठेवली आणि ती घरंगळून मातीत गेली.

"वर्ताळा मंधात टाकाव, पोरी," चंपत म्हणाला. "काठावर टाकला तं सांडते, अन् टाकलाच नाही तं माप मरते."

अंजनाचा हात तसाच हवेत राहिला. पोट दुखतं असं सांगून ती जवळजवळ पळतच घरी आली.

दोऱ्यालाही वर्ताळा लागतो. तो उभ्या दोऱ्यांच्या खालून-वरून जातो, म्हणून सरळ रुंदीपेक्षा जास्त लागतोच. तो दिला नाही तर तो काठाकडून ओढून घेतो. आणि द्यायचा तो मध्यात. तिनं काठाशी दोरा नीट बसवला, ना हिसका ना फास, आणि मध्ये टेकडीसारखा वर ठेवला. मग फणीनं टेकडी मधूनच दाबत दोन्हीकडे बसवली. काठ हलला नाही. तिनं तुराटीची काडी रुंदीएवढी मोडून घेतली आणि दर थोड्या विणीनंतर लावून पाहू लागली. काडी बसत होती. तिला इतका आनंद झाला की तिनं मायला हाक मारून काडी दाखवली. मायला त्यात काय पाहायचं ते कळलं नाही, पण ती हसली.

विणकाम अर्ध्यावर आलं त्या संध्याकाळी मंगरूळपीरचा माणूस दारात आला, रामरावानं ठरल्या दिवशी पाट पक्का करायला यावं का, असं विचारत. अंजनाचे हात चालूच होते. बाहेरून बापाचा आवाज आला: हो, या म्हणा. बस, एवढंच. म्हणजे ठरलंच तर. मग हे कशाला? तिचे हात थांबले नाहीत, उलट जास्तच भराभर चालले.

दुसऱ्या दिवशी ती सावरली. काडी लावली तर जराशी तटल्यासारखी वाटली, पण चौकटीवर सगळं ताणलेलं असतं, तिथं फारसं कळत नाही. उसवायला वेळही नव्हता. रामराव यायच्या आदल्या सकाळी तिनं आसन चौकटीवरून कापलं, दशा बांधल्या, आणि ताण सुटताच ते आपल्या खऱ्या मापावर आलं. तेव्हा दिसलं.

चंपतनं आसन ओसरीवर पसरलं, उभं दुमडलं. खालून काठाला काठ, वरून काठाला काठ. मध्ये एका जागी एक काठ दुसऱ्यापेक्षा आत गेलेला, बोटभर.

"इथं काहून आखडलं?" त्यानं विचारलं.

"तुमी रामरावाले या म्हणाले, त्या सांजचं हाय ते," अंजना म्हणाली. "हात हिसकले. वर्ताळा टाकायचा राहून गेला." मग तिनंच पुढं सांगितलं, "काठाले काठ म्हणाले होते तुमी. नाही भिडला."

चंपत त्या आखडलेल्या जागेवरून अंगठा फिरवत बसला. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. अंजनाला उठून विहिरीकडे जावंसं वाटत होतं.

"अख्ख्या बजाराले म्या कदी काट्यावर मोजून देलं नाही," शेवटी तो म्हणाला, "अन् पोरीलेच मोजून राह्यलो." त्यानं आसनाची घडी केली आणि तिच्या मांडीवर ठेवली. "बोटभरच कमी हाय ना? तेवढा वर्ताळा माह्याकडून."

कस्तुराबाईनं विचारलं, मग रामरावाला काय सांगायचं. ते मी पाहतो, असं म्हणून तो बैलांना वैरण टाकायला गेला, आणि जाता जाता शिरपूरला निघायचं तर बैलांची दमणी गाडी झाडून ठेवा म्हणाला.

अंजना ओसरीवर घडी मांडीवर घेऊन बसली होती. मायनं दोनदा हाक मारली, तरी ती बसूनच राहिली.