डाव्या गालावरचा तीळ

प्रमिलाबाईंनी फोटो परत केला. पण ते सोडा, तसं अजून काही झालंच नाही. सत्त्याण्णव साल आहे आणि सुरतच्या उधन्यातल्या आपल्या स्टुडिओत हेमराज कॉम्प्युटरसमोर खुशीत बसलाय.

बाईंना वारलेल्या नवऱ्यासोबत जोडफोटो हवा होता. सुकदेवचा एकच फोटो, कुणाच्या तरी लग्नातला. बायको नवऱ्याच्या डावीकडे बसवायची, तर हा बघतोय उजवीकडे. हेमराजने सरळ चेहराच आरशातल्यासारखा उलटवला. आता सुकदेव बायकोकडे असा बघत होता, की जन्मात बघितलं नसेल.

बाईंनी फोटो निरखला. "हाऊ मना माणूस नही, भाऊ."

"काकू, त्यांचाच चेहरा आहे!"

"तीळ डाव्या गालवर व्हता, आठे उजव्यावर शे. भांग बी दुसरीकडे गया."

"मग तुम्ही त्यांच्या उजवीकडे बसा. मूळ चेहरा लावतो."

"बायको डावीकडेच बसस." बाई फोटोतल्या नवऱ्याच्या डोळ्यांवरून बोट फिरवत राहिल्या. "पण मनाकडे कसा दखी ऱ्हायना!"

मग त्यांनी तो हळूच काउंटरवर ठेवला.

हेमराजने ऑर्डरच्या पावतीवर शेरा मारला: 'कै. सुकदेव यांनी मूळ तीळ व भांगासह स्टुडिओत समक्ष हजर राहून एकवार पत्नीकडे पाहावे, ही नम्र विनंती.'