आयत्या वेळी ठरलेले लग्न

त्र्यंबकरावांनी पस्तीस वर्षे इतिहास शिकवला होता. तरी आपल्या लग्नातला एक प्रसंग त्यांनी कोणालाच शिकवला नव्हता. नवऱ्या मुलीच्या, म्हणजे सरोजच्या, वडिलांनी पुढे केलेली मानाची टोपी त्र्यंबकरावांच्या काकांनी 'हलकी आहे' म्हणून भर मांडवात परत केली होती. वृद्ध गृहस्थ हात जोडून उभे राहिले, आणि मुंडावळ्या बांधलेले, विपुल वाचलेले त्र्यंबकराव पाटाकडे बघत बसले. मुलीच्या लग्नात मानपान नाही, मांडव नाही, हा निश्चय त्या दिवशीचा. मुलगी तेव्हा जन्मायची होती.

म्हणून त्यांची मुलगी कादंबरी आणि तिचा होणारा नवरा ऋतुराज यांनी विवाह अधिकाऱ्याकडे लग्नाची नोटीस दिली. तीस दिवस थांबायचे, तीन साक्षीदार न्यायचे, सह्या करायच्या. ऋतुराजचे वडील धोंडीबा यांनी मान हलवली होती. त्यालाच त्र्यंबकरावांनी संमती मानले. नवव्या दिवशी कार्यालयातल्या फलकावरच्या त्या नोटिशीचा फोटो धोंडीबांच्या भावकीच्या व्हॉट्सॲपवर फिरला, आणि दहाव्या दिवशी धोंडीबा व त्यांच्या पत्नी मालनताई मानपाड्याहून त्र्यंबकरावांच्या टेंभी नाक्याच्या घरी हजर झाले.

"सर, आमच्याकडं बोर्डावर नाव दोघांचंच लागतं," धोंडीबा म्हणाले. "ज्याच्यावर वॉरंट निघालंय त्याचं, नायतर जी पळून गेली तिचं. गावात बोलायला लागलेत, धोंडीबाच्या पोरानं पळवून आणली."

"पळवून? ती रोज साडेसातला घरी जेवायला असते."

"ते मला म्हाईत. आमच्या संचिताचं लगीन अजून व्हायचंय, सर. तिला बघायला येणारा पयलं हेच काढणार."

"तेव्हा तुमच्या मुलीसाठी माझ्या मुलीने घोड्यामागून मिरवायचं."

"घोडा नको," धोंडीबा औदार्याने म्हणाले. "हॉल, बँड न बाराशे माणूस. त्याच्याखाली भावकी ऐकत नाय."

"मग भावकीशीच लग्न लावा."

दाराशी उभी असलेली कादंबरी म्हणाली, "बाबा, आईवडिलांना खाली बघायला लावून ऋतुराज सही करणार नाही. आणि तुम्हाला खाली बघायला लावून मी करणार नाही. म्हणजे होणारच नाही, एवढंच."

ती हे अगदी हळू बोलली.

मालनताईंनी बशीत चहा ओतला. "साखरपुड्यातच उरकू की मग."

"म्हणजे?"

"बोलवायचं साखरपुड्याला. घरची, जवळची, ऐंशी माणसं. कुंकू लागलं, ओटी भरली, की थोरल्यानं उठून म्हणायचं, माणसं जमलीत, आजच लावून टाकू. मुलीच्या बापानं हो म्हणायचं, न लगेच अक्षता. वेळच नव्हता म्हटल्यावर आम्हाला का बोलवलं नाय म्हणून कोण रुसत नाय. उलट म्हणतात, शहाणी माणसं, खर्च वाचवला."

"आणि भटजी? मंगळसूत्र?"

"असत्यात पिशवीत."

"म्हणजे आधी ठरवून आयत्या वेळी ठरवायचं?"

"हां!" मालनताई खूश झाल्या. "बघा, सरांना बरोबर कळलं. फक्त लगेच हो म्हणायचं नाय हां. जरा इचार केल्यासारखं करायचं."

सरोजताई पदराआड हसल्या. त्र्यंबकरावांनी दोन अटी घातल्या: नंतर महापालिकेत नोंदणी आणि मानपान पूर्ण बंद. धोंडीबांनी मान हलवली. या वेळी त्र्यंबकरावांनी "हो की नाही, तोंडाने सांगा," असे म्हणून ते वदवून घेतले.

मानपाड्याच्या सोसायटीच्या छोट्या सभागृहात साखरपुडा झाला. कोपऱ्यातल्या भटजींच्या फुगलेल्या पिशवीकडे ऐंशी माणसे न बघण्याची पराकाष्ठा करत होती. ओटी भरून झाली आणि धोंडीबांचे थोरले चुलतभाऊ, मारुतीअण्णा, उठले.

"पाव्हणं, माणसं जमलीत. आजच लावून टाकू का?"

पण अण्णांच्या हातात टोपी होती. पांढरी, साधी, घडी नीट केलेली. अट त्यांना कोणी सांगितलीच नव्हती. वरपक्षाचा थोरला माणूस मुलीच्या बापासमोर दोन्ही हातांनी ती धरून वाट बघत उभा होता.

त्र्यंबकरावांना काकांचा हात दिसला. तत्त्व सांगून नाही म्हणता आले असते. काकांच्या लेखी तेही तत्त्वच होते. ते बघत राहिले. धोंडीबांना घाम फुटला. मागून कोणीतरी कौतुकाने पुटपुटले, "केवढा इचार करतोय माणूस!"

त्र्यंबकरावांनी मान खाली घातली. अण्णांनी टोपी चढवली. ती किंचित मोठी होती आणि कानांवर आली.

"हो," ते म्हणाले. "लावून टाका."

मारुतीअण्णांनी चांगला आ वासून आश्चर्य दाखवले, आणि भटजींनी पिशवीतून अंतरपाट काढला, तोही इस्त्रीचा. धोंडीबांनी खिशातला रुमाल काढून कपाळ पुसले, मग तोच त्र्यंबकरावांपुढे केला. त्यांनी तो घेतला.

दीड वाजता पंगत बसली. सरोजताई पानावर बसता बसता म्हणाल्या, "काढा आता ती टोपी. उकडतंय."

"राहू दे," त्र्यंबकराव म्हणाले, आणि जिलबी मागितली.