मदत कक्ष कुणाच्या डावीकडे?

लहानपणापासून तोंडाला कुलूप नाही म्हणून तिचं नाव मैना पडलं आणि कॉलेजातही तेच चिकटलं. त्यामुळे महोत्सवाचं सूत्रसंचालन तिच्याकडे आल्याचं नवल फक्त तिच्या बाबांना वाटलं. सारा जन्म शिलाई मशीनवर गेलेला हा माणूस आज दुकान बंद ठेवून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून लेकीला ऐकायला आला होता.

बाबांना साखरेचा आजार होता. घरून इन्सुलिन टोचून निघाले, डबा हॉलवर पोचल्यावर खायचा असं ठरलं होतं. पण दारावरच स्वयंसेवकांनी सगळ्यांच्या पिशव्या जमा करून घेतल्या आणि हातात टोकन दिलं. डबा गेला, ग्लुकोज गेलं, फोनही गेला.

"पिशव्या मदत कक्षात आहेत," मैना घाईघाईने म्हणाली. पडद्यामागून तिला हाका चालल्या होत्या. "तो कुठंय ते मी आख्ख्या हॉलला सांगणारच आहे, तुम्हाला वेगळं कशाला? ऐकलं की लगेच उठा आणि खाऊन घ्या."

प्रमुख पाहुणे उशिरा आले, त्यामुळे सगळंच लांबलं. दिवे मंद झाले, झोत तिच्या डोळ्यांवर आला. समोरच्या दोन रांगा तेवढ्या दिसत होत्या. दुसऱ्या रांगेत बाबा रुमालाने कपाळ पुसत होते.

"सन्माननीय प्रमुख पाहुणे, आदरणीय प्राचार्य, प्राध्यापकवर्ग, इतर कॉलेजांमधून आलेले संघ, पालक आणि ज्यांच्या टाळ्यांवर आमचं पोट भरतं ते माझे सगळे मित्र, तुमचं मनापासून स्वागत!" हॉल हसला. एका हातात माइक, दुसऱ्या हातात कार्डं. तिने पुढचं कार्ड वाचलं. "आता थोडं कामाचं. प्रथमोपचार, हरवलेल्या वस्तू, जमा केलेल्या पिशव्या, काहीही हवं असेल तर मदत कक्ष गाठा. डावीकडच्या दारातून बाहेर पडलात की समोरच आहे. पिवळ्या टी-शर्टातली मुलं दिसली की बिनधास्त विचारा."

बाबा उठले आणि गेले. तिचा जीव भांड्यात पडला.

पहिलं नृत्य संपलं. दुसऱ्या संघाचं गाणं लागेना, म्हणून तिला मधला वेळ भरायला पाठवलं. तिचे दोन विनोद सांगून झाले, तेवढ्यात पडद्याच्या कडेला मदत कक्षावरची मुलगी येऊन हातवारे करू लागली. प्रेक्षकांना टाळ्यांचा ताल धरायला लावून मैना तिच्याजवळ सरकली.

"अगं, काय बोललीस तू? लोक भलतीकडे जाऊन परत येतायत. आणि तुझ्या बाबांची पिशवी न्यायला अजून कुणी आलं नाही."

मैनेने हातातलं कार्ड पुन्हा बघितलं. ते कार्ड तिने तालमीत स्टेजवर उभं राहून, हॉलकडे तोंड करून लिहिलं होतं. डावा हात तिचा होता. समोर बसलेल्यांचा तो उजवा. शहाण्या सूत्रसंचालकाने दिशा नेहमी प्रेक्षकांच्या खुर्चीत बसून सांगायची, हे तिनेच धाकट्यांना शिकवलं होतं. लोकांच्या डावीकडे फक्त रंगभूषेच्या खोल्या होत्या आणि पुढे तळघराचा जिना.

उडी मारून धावावं असं वाटलं. पण माइकवर आवाज चढला असता तर सगळा हॉल उठला असता आणि दारं तुंबली असती. तिने ओठांवर हसू ओढून आणलं.

"मंडळी, माझी चूक झाली. मी माझा डावा हात सांगितला! मदत कक्ष तुमच्या उजवीकडे, पाण्याची पिंपं ठेवलीत त्या दाराबाहेर. पुन्हा सांगते, पाण्याच्या पिंपांचं दार." मग त्याच गोड आवाजात, "पिवळ्या टी-शर्टातल्या मित्रांनो, दुसऱ्या दाराने जिन्यापर्यंत बघून या. निळ्या शर्टातले एक काका असतील. प्रथमोपचाराची पेटी आणि ग्लुकोज न्या. आत्ता."

गाणं सुरू झालं, तशी ती मागच्या दाराने धावत सुटली.

बाबा जिन्याच्या पायरीवर भिंतीला टेकून बसले होते. शर्ट घामाने चिंब, हात थरथरत होते. पिवळ्या टी-शर्टातल्या मुलीने ग्लुकोजच्या पाण्याचा पेला त्यांच्या ओठाला धरला होता. अर्धा पेला संपला तेव्हा त्यांची नजर ठरली. मैना तिथेच फरशीवर बसली. तिला रडू आवरेना.

शेजारी शिपाईकाका वैतागून उभे होते. "मघाशीच सांगितलं मी यांना, मदत कक्ष पलीकडं आहे म्हणून. ऐकतील तर शपथ! मलाच वेड्यात काढलं."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. जीभ अजून जड होती.

"तू माइकवरून सांगितलं होतंस," ते म्हणाले. "त्यांचं कसं ऐकणार?"