बॅज नंबरासकट

संदेशला जगात दोनच जातींचे टेक्निशियन दिसत. एक तो स्वतः आणि दुसरे बटण दाबणारे. डोंबिवलीच्या डायग्नोस्टिक सेंटरमध्ये सात वर्षं काढल्यावर हे मत इतकं पक्कं झालेलं की चहा पितानाही ते तो कुणाला ना कुणाला ऐकवायचा. त्यामुळे ठाण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात सीनियर रेडिओग्राफरची जागा निघाली, तेव्हा ती आपल्यासाठीच निघाली अशी त्याची खात्री होती. सेंटरचा मालक गाळा विकायला निघालेला. ही जागा हुकली, तर नंतर कुठल्या तरी एक्स-रे व्हॅनमध्ये बसून गावोगाव हिंडायची वेळ येणार होती.

म्हणून त्याने रिझ्युमे असा सजवला की बघत राहावं. एक्स-रे, सीटी, दातांच्या एक्स-रेचं ओपीजी हे खरंच होतं. मॅमोग्राफी त्याने जन्मात केली नव्हती. बायकांच्या तपासणीला बाईच लागते, ते काम सेंटरमधली रुचिता करायची. एमआरआय तर त्याने मित्राच्या सेंटरला काचेपलीकडून पाहिला होता. दोन्ही बिनदिक्कत लिहिले. पुढे 'पेशंट थ्रूपुट : रोज नव्वद' हे ठळक अक्षरांत. दिवसात किती उरकले ते सांगणारा हा थ्रूपुट शब्द त्याला फार आवडलेला, घरी बायको भाकऱ्या करत असतानाही तो वापरून झालेला.

"माणसांना थ्रूपुट काय रे म्हणतोस?" रुचिताने प्रिंट वाचून विचारलं. "आणि नव्वद कुठले? आपल्याकडे चाळीसच्या वर गेले की तू ओरडायला लागतोस."

"तू गप गं. ठाण्यात आकडे चालतात."

रेडिएशन सेफ्टीच्या रकान्यात त्याने लिहिलं, 'टीएलडी बॅजचा नियमित वापर, डोस नेहमी नगण्य.' छातीला लावायचा हा छोटा बॅज अंगावर किती किरण पडले ते मोजतो. दर तिमाहीला लॅबमध्ये जातो, तिथून आकडा येतो. संदेशचा डोस नगण्य यायचा याचं कारण सोपं होतं. त्याचा बॅज बाराही महिने ड्रॉवरमध्ये, स्टेपलरच्या शेजारी पडलेला असायचा. बॅज लावून फिरणं हे शिकाऊ पोरांचं काम, असं त्याचं म्हणणं. पण रिझ्युमेत मात्र, सगळे लिहितात त्याच्यापेक्षा वरचढ दिसावं म्हणून, परावैद्यक परिषदेच्या नोंदणी क्रमांकाखाली त्याने स्वतःचा बॅज नंबरही छापला. असं कुणी करत नाही. ते का करत नाही, याचा विचार करण्याइतका वेळ मोठ्या माणसांना कुठून असणार!

मुलाखत घ्यायला सरोज मॅडम होत्या. रेडिओलॉजीच्या मुख्य टेक्नॉलॉजिस्ट, आणि हॉस्पिटलच्या रेडिएशन सेफ्टी ऑफिसरही त्याच. पांढरी कॉटनची साडी, चष्मा दोरीला. संदेशने मनात म्हटलं, ही बाई अजून फिल्म धुण्याच्या जमान्यातली दिसतेय.

"मॅमोग्राफीत कुठले व्ह्यू घेता?" त्यांनी विचारलं.

"समोरून आणि... बाजूने."

"बाजूने?"

"म्हणजे तिरका, मॅडम. पेशंटवर असतं."

त्यांनी मॅमोग्राफीवर शांतपणे काट मारली. एमआरआयवर तर काही न विचारताच मारली. संदेशला घाम फुटला नाही. दोन गेले तर गेले, बाकी आपण भारीच आहोत.

"तुम्ही बॅज नंबर दिलात, बरं वाटलं. कोणी देत नाही," सरोज मॅडम म्हणाल्या. "अर्जाबरोबर रेकॉर्ड मागवायच्या संमतीवर तुमची सही होती, म्हणून मी लॅबकडून तुमचा आजवरचा डोस मागवला."

सही केलेली त्याला आठवत होती. वाचलेलं काहीच आठवत नव्हतं.

"डोंबिवलीचा डोस जवळपास शून्य आहे. पण याच नंबरावर गेली तीन वर्षं खडवलीच्या एका हाडांच्या हॉस्पिटलची नोंद आहे. तिथला डोस दर तिमाहीला चढताच आहे. तुम्ही तिथेही काम करता?"

आता घाम फुटला.

खडवलीच्या त्या हॉस्पिटलला लायसन्स टिकवायला नोंदणी असलेला टेक्निशियन कागदावर हवा होता. संदेशने आपलं सर्टिफिकेट आणि आधार दिलं, महिन्याच्या महिन्याला पाकीट घेतलं. प्रत्यक्ष एक्स-रे काढायचा रतन, तिथला वॉर्डबॉय. तिथला मालक म्हणालेला, तुमच्या नावाने नवा बॅज येईल, नवा नंबर. संदेशने मान डोलवली. एका माणसाला एकच बॅज नंबर, आणि तो जन्मभर त्याच्या मागे येतो, हे त्याला शिकवलेलं होतं. पण शिकवलेलं लक्षात ठेवणं हेही शिकाऊ पोरांचंच काम ना!

"हो, मॅडम. पार्ट टाइम जातो."

"कधी?"

"रोज. सकाळी."

सरोज मॅडमनी रिझ्युमे त्याच्यापुढे सरकवला. "इथे तुम्ही सकाळी आठ ते संध्याकाळी सहा डोंबिवलीत नव्वद पेशंट करता. ठळक अक्षरांत. मग खडवलीत बॅज कोण घालतं?"

रिझ्युमेतली बॅज नंबराची ओळ नव्वद पेशंटांच्या ओळीचा गळा धरून बसली होती, आणि दोन्ही त्यानेच लिहिलेल्या. संदेशला राग आला, तो नेहमीसारखा दुसऱ्याचा.

"तो रतन, मॅडम! अडाणी माणूस. मी त्याला मस्करीत म्हटलेलं, बॅज लाव छातीला, किरण लागत नाहीत. तर तो खरंच रोज लावतो! नमस्कार करून लावतो. पोरं हलतात म्हणून मशीनखाली स्वतः धरून उभा राहतो. शिशाचा ॲप्रन जड होतो म्हणे, आणि बॅज आहे ना! आता अशा येड्यामुळे माझं रेकॉर्ड खराब झालं."

बोलून झाल्यावर त्याला कळलं की आपण काय काय बोललो.

सरोज मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "तुमचं रेकॉर्ड. तुमच्या नावावर चढलाय तो त्याच्या अंगातून गेलेला एक्स-रे आहे. आणि त्याच्या नावावर कुठेच काही नाही. मी परिषदेला आणि नियामक मंडळाला आज कळवणार आहे. त्याआधी तुम्ही त्याला कळवा. ही डोसच्या रेकॉर्डची तुमची प्रत."

ठाण्याच्या त्या चकचकीत लिफ्टमधून उतरताना संदेशच्या डोक्यात अजून आपलीच काळजी होती. नोंदणी जाणार, नाव जाणार. खाली पार्किंगमध्ये त्याने फोन लावला, तोही स्वतःला वाचवायलाच.

"रतन, तो बॅज काढ आणि ड्रॉवरमध्ये टाक. आत्ताच्या आत्ता."

"काढू? सायेब, आज तीन पोरं आल्येत प्लास्टरवाली. बॅजबिगर कसं धरू? किरण लागतील ना मला."

संदेशच्या तोंडावर नेहमीचं हसू आलं, आणि तिथेच अडकलं. तीन वर्षं जिच्यावर तो चहाच्या टपरीवर लोकांना हसवत आलेला, ती ही मस्करी.

"रतन, तो बॅज काही अडवत नाही रे," तो म्हणाला. "नुसतं मोजतो."

पलीकडे एक पोर रडत होतं. कुणीतरी त्याला गप्प करत होतं. रतनचा आवाज आला तेव्हा त्यात राग नव्हता, आणि तेच संदेशला सोसेना.

"मंग सायेब," रतनने विचारलं, "माझं किती झालं?"

संदेशने हातातला कागद उघडला. वर त्याचं स्वतःचं नाव होतं. त्याखालचा खडवलीचा आकडा तो पहिल्यांदाच वाचत होता.