फ्लॅशखालच्या दोन गोळ्या

"फोटोवाल्याला उडवायला माझंच डोकं मिळालं होय?" गुरुदत्त उमाच्या कानाशी पुटपुटला. रविवारी बदलापूरला त्याच्या बहिणीच्या, मालिनीच्या, बाळाचं बारसं झालं. त्याचे फोटो आज, बुधवारी संध्याकाळी, उल्हासनगरहून धुऊन अंबरनाथला घरी आले होते.

उमाचं लक्ष त्याच्या डोक्याकडे नव्हतं. फोटोत सासरे, दिनानाथ, खुर्चीत ताठ बसले होते आणि मागे फळीवर त्यांच्या गोळ्यांची पट्टी. पायांना सूज येते म्हणून अंगातलं पाणी काढायच्या गोळ्या, सकाळी एक, दुपारी एक. शनिवारी गेलेले ते येत्या रविवारपर्यंत लेकीकडेच राहणार होते.

"अहो, चारच उरल्यात."

"सहा. दोनांवर फ्लॅश पडलाय."

"बरं, सहा. फोटो जेवणाआधीचा. म्हणजे रविवारी दुपारची एक, सोमवारी दोन, काल दोन." उमाने बोटं मिटली. "आज सकाळी शेवटची. चार असतील तर कालच सकाळी संपल्या."

"मग भांडतेस कशाला? कसंही धरलं तरी म्हातारा आता कोरडा."

"कोरडा कुठला, फुगलेला! खंड पडला तर पाणी छातीत चढेल, म्हणालेत डॉक्टर."

अंबरनाथ स्टेशनबाहेर नवी पट्टी घेऊन दोघं बदलापूरला पोचली. दारात दिनानाथांच्या चपला होत्या. आत त्यांचे पाय असे सुजलेले, की त्या चपलांनी ओळखही दाखवली नसती. आणि फळीवर तीच पट्टी. उमाने मोजली. सहा.

"जिंकलो!" गुरुदत्त म्हणाला आणि लगेच त्याने जीभ चावली.

"बाबा, रविवारपासून एकही नाही?" उमाने विचारलं.

"इथली हवा चांगली आहे गं. गरज वाटली नाही."

"दादा, मी रोज आठवण करून देते," मालिनी म्हणाली. "घेतली म्हणतात."

"का घेत नाही, बाबा?" गुरुदत्त म्हणाला.

दिनानाथ छताकडे बघू लागले. मालिनी बाळाकडे, गुरुदत्त चपलांकडे. उमाने मात्र मालिनीच्या सासूबाईंकडे, विठाबाईंकडे, पाहिलं. त्यांच्या कमरेला किल्ली लटकत होती. अंगणातल्या संडासाला त्या कुलूप घालत, नाहीतर सगळी आळी येई म्हणत. ज्याला जायचं त्याने त्यांच्याकडे किल्ली मागायची.

"गोळी घेतली की..." उमा म्हणाली आणि अडली. "म्हणजे... सारखं उठावं लागतं."

"कुठं उठावं लागतं?" गुरुदत्तने विचारलं.

"अहो, गप्प बसा ना."

दिनानाथांनी धोतराचा सोगा सारखा केला, पुन्हा सारखा केला.

विठाबाईंनी कमरेची किल्ली सोडली, दिनानाथांच्या मांडीवर ठेवली आणि भरल्या घरात म्हणाल्या, "व्याहीबुवा, मुताया लागतंय त सांगायचं ना! इहिणीला लाजून पाय फुगवताव व्हय?"